मुलाच्या हातात फोन देण्याआधी: ॲप पिनिंग लावायचं की गेस्ट युजर?

माझा सहा वर्षांचा भाचा घरी आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मामा, फोन दे ना." गेल्या वर्षी एका रविवारी मी त्याला युट्यूबवर कार्टून लावून फोन दिला आणि स्वयंपाकघरात चहा करायला गेलो. पाच-सात मिनिटं झाली असतील. परत आलो तर कार्टून बंद होतं आणि तो फोटोंवरून बोट फिरवत बसला होता. मी फोन घेतला आणि विषय संपला, असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. आठवड्यापूर्वी मी बाबांच्या बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो काढला होता. भाच्याने तो उघडला, शेअरच्या चिन्हावर बोट ठेवलं, आणि फोनने नेहमीच्या सवयीप्रमाणे सगळ्यात वर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप दाखवला. पुढचं हिरवं बटण दाबायला वाचता यावं लागत नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी तो सगळ्यांसाठी डिलीट केला, पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी पाहिला होता. बाबांनी या तपासणीबद्दल घरातल्या चौघांशिवाय कोणालाही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एका शेजाऱ्यांनी त्यांना विचारलं, "काका, आता बरं वाटतंय ना?" बाबा "हो, हो" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

भाच्याची यात काही चूक नाही. मी त्याला युट्यूब दिलं असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी त्याला माझा सगळा फोन दिला होता. अँड्रॉइड फोनमध्ये हे टाळायच्या दोन सोयी आधीपासून आहेत, वेगळं ॲप टाकावं लागत नाही. एक म्हणजे ॲप पिनिंग आणि दुसरी गेस्ट युजर. दोन्ही कशा लावायच्या, कुठे कमी पडतात आणि कोणती कधी वापरायची, ते या लेखात बघू.

दोन्हींत फरक काय?

घराचं उदाहरण घेतो. ॲप पिनिंग म्हणजे मुलाला तुमच्याच घरातल्या एका खोलीत बसवून बाहेरून कडी लावणं. तो दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, पण ती खोली तुमचीच आहे आणि त्या खोलीतलं सामानही तुमचंच आहे. गेस्ट युजर म्हणजे त्याला शेजारच्या रिकाम्या घरात सोडणं. तिथे तो सगळ्या खोल्यांत हिंडू शकतो, पण तुमची एकही वस्तू तिथे नसते.

म्हणून मी निवड अशी करतो. मुलाला एकच ॲप द्यायचं असेल आणि त्या ॲपमध्ये माझं खासगी काही नसेल, तर पिनिंग. मूल इकडून तिकडे जाणारच असेल, तर गेस्ट युजर. भाच्याच्या प्रसंगात दोन्हींपैकी काहीही लावलेलं असतं, तरी तो युट्यूबवरून माझ्या फोटोंपर्यंत पोचला नसता.

आधी स्क्रीन लॉक बघा

या दोन्ही सोयी फोनच्या स्क्रीन लॉकवर उभ्या आहेत. लॉकच नसेल किंवा मुलाला तो माहीत असेल, तर पुढचं सगळं वाया आहे. आणि बहुतेक घरांत तो माहीत असतो. पॅटर्न तर काचेवर बोटाच्या रेघेसारखा उमटतो, आणि मुलं आपल्या कडेवर बसून तो दिवसातून वीस वेळा बघत असतात. माझ्या भाच्याला माझा पॅटर्न पाठ होता. आकृती काय आहे विचारलं तर म्हणाला, "झेड."

तेव्हा पॅटर्न काढून सहा आकडी पिन ठेवा, आणि तो मुलाच्या समोर टाकू नका. हौसेने मुलाचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदवलं असेल, तर तेही काढून टाका.

ॲप पिनिंग: एकदाच करायची तयारी

ही सोय अँड्रॉइड 5.0 पासून, म्हणजे 2014 पासून आहे. त्यामुळे तुमचा फोन साधारण जुना असला तरी ती असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त ती सुरुवातीला बंद असते, आणि प्रत्येक कंपनी ती सेटिंग्जमध्ये वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत `pin` टाइप करा. निकालात सिम कार्डच्या पिनचंही सेटिंग दिसेल, त्याला हात लावू नका. आपल्याला हवं आहे ते `App pinning`, `Screen pinning` किंवा सॅमसंगच्या फोनवर `Pin app` या नावाचं.

शोधून सापडलं नाही तर पिक्सेलसारख्या फोनवर नव्या आवृत्त्यांमध्ये रस्ता साधारण असा आहे:

`Settings` → `Security & privacy` → `More security & privacy` → `App pinning`

तिथे दोन स्विच असतात. पहिला पिनिंग चालू करण्याचा. दुसरा त्याच्या खाली असतो आणि अनेक जण तो बघतच नाहीत. पिन काढताना स्क्रीन लॉकचा पिन विचारायचा का, हे तो ठरवतो. फोनप्रमाणे त्याचे शब्द बदलतात, पण साधारण `Ask for PIN before unpinning` असं लिहिलेलं असतं. हा दुसरा स्विच चालू नसेल तर पिनिंगचा काही उपयोग नाही. मूल एका बोटाने बाहेर पडेल आणि फोन कोणताही प्रश्न विचारणार नाही.

दर वेळी फोन देताना

1. मुलाला जे ॲप द्यायचं ते उघडा.
2. अलीकडे उघडलेल्या ॲपची यादी दिसेल असं करा. खाली तीन बटणं असतील तर चौकोनी (काही फोनवर तीन रेघांचं) बटण दाबा. बटणं नसतील तर स्क्रीनच्या तळापासून बोट वर सरकवा आणि मध्यावर क्षणभर थांबवा.
3. ॲपचं मोठं कार्ड दिसेल. कार्डवर बोट ठेवू नका, ॲप पुन्हा उघडेल. कार्डच्या वर त्या ॲपचं छोटं चिन्ह असतं, त्यावर बोट ठेवा.
4. छोटी यादी उघडेल. त्यात `Pin` निवडा.
5. ॲप पिन झाल्याची सूचना येईल, त्यावर `Got it` दाबा. शेजारी `No thanks` असेल तर ते दाबू नका, त्याने पिन निघतो.

पिन काढायचा असेल तर बटणं नसलेल्या फोनवर तळापासून बोट वर सरकवून धरून ठेवा. तीन बटणांच्या फोनवर मागे जायचं बटण आणि चौकोनी बटण ही दोन्ही एकाच वेळी दाबून धरा. लॉक स्क्रीन येईल, पिन टाका, झालं.

नीट लागलंय का, हे कसं कळणार?

मुलाच्या हातात देण्याआधी अर्धा मिनिट स्वतः खोडसाळ मूल व्हा. होमला जायचा प्रयत्न करा, जाता यायला नको. वरून बोट खाली ओढा, नोटिफिकेशनचा पडदा खाली यायला नको. मग पिन काढायची कृती करा, फोनने लॉक स्क्रीनवर नेऊन पिन मागायला हवा. तो न मागता थेट होमवर गेला, तर वरचा दुसरा स्विच बंद आहे.

या तपासणीत आणखी एक गोष्ट करून ठेवा. दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक कॉल लावून बघा. ॲप पिन केलेलं असताना कॉल कसा दिसतो आणि उचलता येतो का, हे फोनगणिक बदलू शकतं. महत्त्वाच्या कॉलची वाट बघत असताना हे पहिल्यांदा कळू नये.

नेहमी येणाऱ्या अडचणी तीन आहेत. पहिली, चिन्हावर बोट ठेवल्यावर `Pin` दिसतच नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा सेटिंग्जमधला मुख्य स्विच बंद आहे. दुसरी, काही कंपन्यांच्या फोनवर याच यादीत कार्ड दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. लोकांना वाटतं हेच ते. पण ते कुलूप वेगळ्या कामाचं आहे. सगळी ॲप एकदम साफ केली तर हे ॲप बंद करू नये, एवढंच ते सांगतं. त्याने मुलाची वाट अडत नाही. तिसरी, मूल खेळता खेळता चुकून पिन काढायची कृती करतं आणि लॉक स्क्रीनवर अडकतं. मग ते आकडे दाबत सुटतं. पाच वेळा चुकलं की फोन साधारण अर्धा मिनिट थांबायला लावतो. तुम्ही घाईत असाल तर हा अर्धा मिनिट फार मोठा वाटतो, पण फोन बिघडलेला नाही, थांबा.

फोन बंद करून चालू केला तर पिनिंग निघून जातं, हेही लक्षात ठेवा. चिंतेचं कारण नाही, कारण चालू झाल्यावर आधी लॉक स्क्रीनच येते. म्हणूनच लॉक हवा.

कडी लावली, पण खोलीत काय आहे?

आता पिनिंगची खरी मर्यादा. पिनिंग बाहेरची वाट बंद करतं, ॲपच्या आत काय चाललंय ते बघत नाही. पिन करताना फोनवर येणाऱ्या सूचनेतही हेच लिहिलेलं असतं, की वैयक्तिक माहिती दिसू शकते आणि पिन केलेलं ॲप दुसरी ॲप उघडू शकतं. आपण ते न वाचता `Got it` दाबतो.

"दुसरी ॲप उघडू शकतं" हे वाचून गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अँड्रॉइडमध्ये एका कामासाठी उघडलेल्या स्क्रीनची एक चळत असते. पिन केलेलं ॲप त्याच चळतीवर नवी स्क्रीन ठेवू शकतं, मग ती स्क्रीन दुसऱ्या ॲपची का असेना. वेगळी चळत सुरू करायला गेलं तर मात्र फोन अडवतो. त्यामुळे काही लिंक उघडतात आणि काही उघडत नाहीत. कोणती उघडेल हे ॲप कसं लिहिलंय त्यावर ठरतं, आपल्याला बाहेरून सांगता येत नाही.

यावरून मी स्वतःपुरते काही नियम केलेत. गॅलरी किंवा फोटोंचं ॲप कधीही पिन करून द्यायचं नाही. "आजीचे फोटो बघू दे" म्हणून गॅलरी पिन करून दिली, तर शेअरचं बटण आतच आहे, आणि माझा रिपोर्ट तिथूनच गेला होता. व्हॉट्सॲप तर नाहीच. सगळे व्हिडिओ दाखवणारा प्लेअर देताना आधी त्याची यादी बघून घ्यायची, कारण व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओही त्यात असतात.

युट्यूब पिन करून देता येतं, पण ते तुमच्या खात्याने उघडलेलं असतं. मुलाने जे बघितलं ते तुमच्या हिस्टरीत जाईल आणि पुढचे पंधरा दिवस तुम्हाला खेळण्यांचे व्हिडिओ सुचवले जातील. ते सहन होईल. पण तुमचं खातं वापरून कॉमेंटही करता येते, हे ध्यानात असू द्या.

गेमचं प्रकरण पैशाचं आहे. गेमच्या आतली नाणी किंवा हिरे विकत घेण्याची खिडकी गेमच्याच चळतीवर उघडते, म्हणून पिनिंग तिला थांबवेल असं समजू नका. प्ले स्टोअरमध्ये कार्ड जोडलेलं असेल किंवा शिल्लक असेल, तर प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवा, `Settings` मध्ये जा आणि खरेदीआधी पडताळणीचं सेटिंग शोधा. नव्या आवृत्तीत त्याचं नाव `Purchase verification` आहे. प्रत्येक खरेदीला पडताळणी मागितली जाईल असं ते ठेवा. हे एकदा केलं की पुन्हा करावं लागत नाही.

गेस्ट युजर: रिकामं घर

गेस्ट युजर चालू केला की फोन नवा कोरा असल्यासारखा दिसतो. तुमचे फोटो, मेसेज, मेल, तुमचं गुगल खातं, तुमच्या बँकेची आणि यूपीआयची ॲप, यांतलं काहीही तिथे नसतं. लपवलेलं नसतं, त्या जागेत ते नसतंच. म्हणून पिनिंगपेक्षा ही भिंत भक्कम आहे.

आधी ही सोय तुमच्या फोनवर आहे का ते बघा. सेटिंग्जच्या शोधपट्टीत `users` किंवा `guest` टाका. पिक्सेल, मोटोरोला, नोकिया अशा मूळ अँड्रॉइडच्या जवळ राहणाऱ्या फोनवर ती सहसा मिळते. सॅमसंगच्या टॅब्लेटवर असते, फोनवर सहसा नसते. शाओमीच्या अनेक फोनवर तिच्याऐवजी `Second space` नावाची दुसरी जागा मिळते. ती कायमची असते, पाहुण्यापुरती नाही. शोधून काहीच सापडलं नाही, तर तुमच्यासाठी पिनिंग हाच मार्ग आहे.

असेल तर रस्ता असा:

1. `Settings` → `System` → `Users` किंवा `Multiple users` उघडा.
2. एकाहून जास्त युजर वापरू देण्याचा वरचा स्विच चालू करा.
3. यादीत `Guest` किंवा `Add guest` दिसेल, त्यावर बोट ठेवा. गेस्टला फोन लावू द्यायचा का, असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा.
4. `Delete guest activity` हा पर्याय असेल तर चालू ठेवा. मग मुलाने काढलेले फोटो, उघडलेली पानं हे सगळं गेस्ट बंद करताना पुसलं जातं.
5. गेस्टमध्ये जा. पहिल्या वेळी काही सेकंद लागतात.

परत येताना वरून नोटिफिकेशनचा पडदा पूर्ण खाली ओढा, युजरच्या गोल चिन्हावर बोट ठेवा आणि गेस्टमधून बाहेर पडा किंवा तुमचं नाव निवडा. फोन तुमचा पिन मागेल. इथे पुन्हा तोच मुद्दा येतो. तुमच्या खात्याला लॉक नसेल, तर मूलही त्याच गोल चिन्हावरून दोन टिचक्यांत तुमच्याकडे पोचेल.

गेस्ट कुठे कमी पडतो?

पहिली अडचण लगेच लक्षात येते. तुम्ही स्वतः टाकलेली ॲप गेस्टमध्ये नसतात. फोनसोबत आलेलीच ॲप दिसतात, म्हणजे युट्यूब, क्रोम, कॅमेरा, कॅल्क्युलेटर वगैरे. मुलाचा आवडता गेम तिथे नसतो आणि तो टाकायला प्ले स्टोअर गुगल खातं मागतं.

इथे एक चूक हमखास होते. मूल रडायला लागतं, आणि आपण गेस्टमध्ये आपलंच गुगल खातं घालून गेम टाकून देतो. त्याच क्षणी तुमचा मेल आणि संपर्क त्या रिकाम्या घरात यायला लागतात. मग गेस्टला अर्थ राहत नाही. गेस्टमध्ये स्वतःचं खातं कधीही घालू नका. रोजच फोन द्यावा लागत असेल आणि मुलाची ठरलेली ॲप हवी असतील, तर गेस्टऐवजी त्याच पानावरून मुलासाठी वेगळा युजर तयार करणं बरं. त्यात टाकलेली ॲप दर वेळी पुसली जात नाहीत.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे. गेस्ट युजर तुमचा फोन मुलापासून वाचवतो, मुलाला इंटरनेटपासून वाचवत नाही. वायफाय आणि मोबाइल डेटा गेस्टलाही मिळतो. क्रोम उघडं असतं. युट्यूब खात्याशिवाय चालतं आणि समोर काहीही येऊ शकतं. युट्यूबच्या `Settings` मध्ये `General` खाली `Restricted mode` आहे, तो चालू केला की बरंच गाळलं जातं, पण सगळं नाही. आणि ते बंद करणंही तितकंच सोपं आहे.

मग विमान मोड लावून नेट बंद केलं तर? गेस्टमध्ये नोटिफिकेशनचा पडदा खाली येतो, त्यामुळे मूल तो मोड एका टिचकीत काढू शकतं. पिनिंगमध्ये पडदाच येत नाही. म्हणजे भिंत गेस्टची भक्कम असली, तरी नेट तोडून फोन द्यायचा असेल तर पिनिंग उजवं ठरतं.

एक उदाहरण: पुणे ते नागपूर

दिवाळीच्या सुट्टीत ताई, भाचा आणि मी पुण्याहून नागपूरला रेल्वेने गेलो. एवढ्या प्रवासात फोन मागितला जाणारच होता. मी आदल्या रात्री तयारी केली.

त्याच्यासाठी जीकॉम्प्री हे ॲप निवडलं. प्ले स्टोअरवर ते `GCompris` या नावाने मिळतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आत काही विकत घ्यायचं नाही, आणि त्यात आकडे, आकार, कोडी, चित्रं असे पुष्कळ खेळ आहेत. मुख्य म्हणजे त्या खोलीत माझं काहीच सामान नाही. घरच्या वायफायवर ते उघडून आवाजाच्या वगैरे ज्या फाइल ते मागत होतं त्या उतरवून घेतल्या. मग विमान मोड लावून दोन-तीन खेळ चालतात का ते बघितलं, कारण गाडीत गेल्यावर "डाउनलोड होत नाहीये" हे ऐकायचं नव्हतं.

गाडीत फोन देताना क्रम असा ठेवला. आवाज कमी केला, विमान मोड लावला, जीकॉम्प्री उघडलं, पिन केलं, बाहेर पडायचा प्रयत्न करून बघितला, आणि मग दिलं. विमान मोड आधी लावायचा, कारण पिन केल्यावर आपल्यालाही पडदा ओढता येत नाही. माझे कॉल त्या वेळात येणार नव्हते, म्हणून ताईचा फोन चालू ठेवला आणि घरी तिचा नंबर सांगून ठेवला.

दौंड यायच्या आत त्याने बाहेर पडायचा प्रयत्न केलाच. तळापासून बोट वर नेलं, लॉक स्क्रीन आली. त्याने मला विचारलं, "मामा, झेड चालत नाही?" मी म्हटलं, "नाही, आता आकडे आहेत." त्याने तीन-चार वेळा काहीतरी दाबलं आणि फोन माझ्याकडे दिला. मी पिन टाकला आणि ॲप पुन्हा पिन करून दिलं. लॉक स्क्रीनपर्यंत गेलं की पिनिंग निघालेलं असतं, त्यामुळे परत देताना ते पुन्हा लावावं लागतं. ही पायरी विसरली की तुम्ही पुन्हा सगळा फोन दिलेला असतो.

नागपूरला मात्र मी गेस्ट वापरला. तिथे त्याला कॅमेरा हवा होता, मावशीकडच्या मांजराचे फोटो काढायला. कॅमेरा पिन करून दिला असता, तर काढलेला फोटो बघायला त्याने कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवलं असतं, आणि तिथून पुढे माझ्या गॅलरीची वाट असू शकते. गेस्टमध्ये त्याने काढलेले फोटो त्याच्याच जागेत राहिले. मांजराचा एक छान फोटो ठेवायचा होता, तो मी गेस्ट बंद करण्याआधी ब्लूटूथने ताईच्या फोनवर पाठवला. आधी बंद केला असता तर तोही पुसला गेला असता.

आयफोन असेल तर

आयफोनवर गेस्ट युजर नाही. पिनिंगसारखी सोय आहे, तिचं नाव `Guided Access`. `Settings` → `Accessibility` → `Guided Access` इथे ती चालू करा आणि तिथेच तिच्यासाठी पासकोड ठेवा. हा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवता येतो, म्हणजे मुलाला फोनचा माहीत असला तरी चालतं. मग ॲप उघडून बाजूचं बटण तीन वेळा पटापट दाबा आणि `Start` करा. (होम बटण असलेल्या जुन्या आयफोनवर होम बटण तीन वेळा.) सुरू करण्याआधी स्क्रीनच्या एखाद्या भागावर बोटाने गोल काढला तर तेवढा भाग दाबला जात नाही. गेममधलं दुकानाचं बटण असं झाकता येतं. वेळेची मर्यादाही घालता येते. बंद करताना पुन्हा तीनदा दाबून पासकोड टाका.

थोडक्यात विचारले जाणारे प्रश्न

*पिन काढायची पद्धत विसरलो, फोन त्याच ॲपमध्ये अडकलाय. काय करू?*
वर दिलेल्या दोन्ही पद्धती करून बघा, कारण बटणं आहेत की नाहीत यावर पद्धत बदलते. तरी नाही जमलं तर फोन रीस्टार्ट करा. पिनिंग निघून जाईल, तुमचा डेटा जागेवर राहील.

*गेस्ट वापरला तर माझी जागा भरेल का?*
स्टोरेज दोघांचं एकच असतं. मुलाने तासभर व्हिडिओ शूट केला तर तो तुमच्याच जागेत बसतो, गेस्टचा डेटा पुसला की जागा मोकळी होते. रॅम कमी असलेला फोन गेस्ट चालू असताना थोडा मंद वाटू शकतो.

*दोन मिनिटांसाठीच द्यायचाय, एवढं सगळं करायचं?*
सेटिंग्ज एकदाच करायची आहेत. त्यानंतर पिन करायला पाच सेकंद लागतात. बाबांचा रिपोर्ट गेला तोही पाच-सात मिनिटांतच.